तणाव व्यवस्थापन कार्यशाळेचे कॅप्शन : गोपनीयतेचा शब्द किती द्यावा आणि काय लिहू नये

प्रश्न : मी नाशिकमध्ये समुपदेशक म्हणून काम करते, समुपदेशन मानसशास्त्रात एम.ए. केले आहे. पुढच्या महिन्यात एका शनिवारी तीन तासांची तणाव व्यवस्थापन कार्यशाळा घेते आहे. वीस जागा आहेत आणि बहुतेक लोक बँका आणि शाळांमधले असतील. इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपसाठी असे कॅप्शन लिहिले आहे : ‘तणावाला कायमचा रामराम! नैराश्य, चिंता, निद्रानाश आणि बीपीवर औषधांविना खात्रीशीर मार्ग. सोबत मोफत स्ट्रेस टेस्ट. १०० टक्के गोपनीयतेची हमी. आजच कमेंटमध्ये “हो” लिहा.’ माझ्या एका सहकारी बाईंचे म्हणणे आहे की असे लिहू नये. नेमके काय बदलू?

उत्तर :

पाचही वाक्ये बदलावी लागतील, पण सगळ्यांना सारखीच मेहनत लागणार नाही. आजार बरे करण्याचे दावे काढून टाकले की ते काम संपते. गोपनीयतेचे वाक्य मात्र काढता येत नाही, कारण त्याच्या आधारावरच बरेच जण नाव नोंदवण्याचे धाडस करतात. आणि ते आहे तसे ठेवताही येत नाही, कारण वीस जणांच्या खोलीत शंभर टक्क्यांची हमी पाळणे तुमच्या एकटीच्या हातात नाही. म्हणून दाव्यांविषयी आधी थोडक्यात सांगते आणि मग गोपनीयतेकडे येते.

तुमच्या वाक्यात नैराश्य, चिंता, निद्रानाश आणि बीपी ही चार नावे आजारांची म्हणून आली आहेत आणि त्यांना लागूनच ‘औषधांविना’ हा शब्द आहे. हे वाक्य फक्त कामाने दमलेला माणूस वाचत नाही; नैराश्यावर वर्षभर गोळ्या घेणारा आणि त्या गोळ्यांना कंटाळलेला माणूसही वाचतो. अशी औषधे एकाएकी बंद केली तर चक्कर, बेचैनी, झोप उडणे असे त्रास होऊ शकतात आणि मूळ आजारही उलटू शकतो. तुम्ही कोणालाही गोळ्या थांबवायला सांगितलेले नाही हे खरे, पण त्या माणसाला हवा असलेला होकार तुमच्या वाक्यात मिळतो. कायद्याच्या अंगानेही हे वाक्य कच्चे आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ वस्तूंइतकाच सेवांनाही लागू आहे आणि खोटी हमी देणारी जाहिरात त्यात दिशाभूल करणारी धरली जाते. औषधे आणि चमत्कारी उपायांच्या जाहिरातींवरच्या १९५४ च्या कायद्याच्या अनुसूचीत रक्तदाबाचे नाव आहे. तुमची कार्यशाळा औषध नाही, पण त्या यादीतला आजार बरा करण्याची भाषा आपण वापरावीच कशाला?

पुनर्लेखन करताना मी माझ्याकडे शिकणाऱ्यांना एकच तपासणी सांगते : प्रत्येक वाक्याचा कर्ता कोण आहे ते पाहा. ‘आपण शिकू’, ‘आपण करून पाहू’, ‘मी समजावून सांगेन’ या वाक्यांमध्ये कर्ते आपण आहोत आणि ते खरे करून दाखवणे आपल्याला शक्य आहे. ‘ताण जाईल’, ‘झोप लागेल’, ‘आत्मविश्वास परत येईल’ या वाक्यांचा कर्ता समोरच्याच्या शरीरात किंवा मनात आहे आणि त्याच्या वतीने शब्द देण्याचा अधिकार आपल्याला नाही. ‘मदत होऊ शकते’ असे मऊ केलेले वाक्य कायद्याच्या दृष्टीने थोडे सुरक्षित असते, पण वाचणारा ‘होऊ शकते’ हे शब्द गाळूनच वाचतो. त्यापेक्षा तीन तासांत काय काय होणार आहे ते सरळ लिहिले, तर वाचणाऱ्याला ठरवणे सोपे जाते. मागच्या सहभागींचे ‘माझे डिप्रेशन गेले’ असे अभिप्राय छापणे म्हणजे तोच दावा दुसऱ्याच्या तोंडून करणे होय. शिवाय अभिप्राय देणारी व्यक्ती त्यातून ओळखू येते, म्हणजे गोपनीयतेचाही प्रश्न आलाच.

ताण हा स्वतः आजार नाही, हेही कॅप्शनमध्ये जपायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआऊटचीही नोंद कामाशी निगडित स्थिती म्हणून आहे, आजार म्हणून नाही. त्यामुळे ‘बर्नआऊटवर उपचार’ अशी ओळ कोणी सुचवली, तर तीही नको. स्वतःच्या नावापुढे ‘समुपदेशक, एम.ए. (समुपदेशन मानसशास्त्र)’ एवढेच लिहावे. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ या नावासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले वेगळे शिक्षण आणि तिच्याकडे नोंदणी लागते. आयोजकांना पोस्टरवर हे नाव भारदस्त वाटते आणि ते तुम्हाला न विचारता टाकतात, म्हणून छपाईपूर्वी मजकूर स्वतः वाचून घ्यावा.

आता ‘मोफत स्ट्रेस टेस्ट’. टेस्ट म्हटले की लोकांना निकाल हवा असतो आणि निकाल म्हणजे त्यांच्या लेखी निदान. १९८३ साली प्रसिद्ध झालेली ‘पर्सीव्ह्ड स्ट्रेस स्केल’ ही प्रश्नावली अनेक कार्यशाळांत वापरली जाते. गेल्या महिन्यात आपल्याला ताण किती जाणवला एवढेच ती विचारते; अमुक गुणांच्या वर आजार, अशी रेषा तिच्यात नाही. ती सत्रात स्वतःच्या विचारासाठी भरायला देणे, कागद ज्याचा त्याच्याकडेच ठेवणे आणि गुणांची चर्चा न करणे हे चालेल. जाहिरातीत आमिष म्हणून चालणार नाही. खरी गडबड होते ती नोंदणीच्या गूगल फॉर्ममध्ये नैराश्याची लक्षणे विचारणारी ‘पीएचक्यू-९’ ही प्रश्नावली घातल्यावर. त्या प्रश्नावलीतला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. समजा, मंगळवारी रात्री कोणीतरी त्याला ‘जवळजवळ रोज’ असे उत्तर दिले आणि तुम्ही तो फॉर्म शुक्रवारी हजेरीची यादी करायला उघडलात, तर मधल्या तीन दिवसांचे उत्तर तुमच्याकडे काय असेल? ज्या माहितीवर लगेच काही करण्याची आपली तयारी नाही, ती माहिती फॉर्ममध्ये विचारू नये. नाव, फोन क्रमांक आणि बसण्याच्या किंवा ऐकण्याच्या दृष्टीने काही सोय हवी आहे का, एवढे पुरते.

गोपनीयतेच्या ओळीत तीन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत : तुम्ही काय गुप्त ठेवणार, सहभागी वीस जण काय गुप्त ठेवणार, आणि कोणत्या प्रसंगी तुम्हालाही बोलावेच लागणार. या तिन्हींसाठी कॅप्शनमध्ये वेगवेगळी वाक्ये हवीत.

पहिल्या गोष्टीचा शब्द तुम्ही पूर्ण देऊ शकता, म्हणून तो ठाम आणि नेमका असावा. नोंदणीची माहिती कोण पाहणार, ती किती दिवसांनी काढून टाकणार, रेकॉर्डिंग होणार की नाही, छायाचित्रे काढणार की नाही, हे लिहावे. तुमच्याकडे बँका आणि शाळांमधले लोक येणार असल्यामुळे आणखी एक वाक्य अत्यावश्यक आहे : अमुक माणूस आला होता, हे तुम्ही त्याच्या कार्यालयाला कळवणार नाही. नाशिकसारख्या शहरात तणावाच्या कार्यशाळेला येणे हीच माहिती आहे. मुख्याध्यापकांच्या किंवा शाखा व्यवस्थापकांच्या कानावर ती गेली, की पुढच्या बढतीच्या वेळी आठवली जाईल अशी भीती लोकांना असते, आणि ती निराधार नाही. उद्या एखाद्या संस्थेने शुल्क भरून हीच कार्यशाळा ठेवली आणि हजेरीपत्रक मागितले, तर मात्र हे वाक्य तसे ठेवू नये. ‘कार्यालयाला फक्त उपस्थितांची नावे कळवली जातील, सत्रातील बोलणे नाही’ असे स्पष्ट लिहावे, आणि ते संस्थेकडून आधी लेखी मान्य करून घ्यावे.

दुसऱ्या गोष्टीचा शब्द तुम्ही देऊच शकत नाही. सत्राच्या सुरुवातीला सगळ्यांकडून नियम मान्य करून घेता येतो, पण घरी जाऊन कोणी जेवताना काय सांगेल यावर आपला ताबा नसतो. म्हणून कॅप्शनमध्ये नियमाचा उल्लेख करावा आणि लगेच पुढे लिहावे की हा गट आहे, सोयीचे वाटेल तेवढेच सांगावे, आणि वैयक्तिक अनुभव सांगण्याची सक्ती नाही. अशा वाक्याने लोक बिचकतील असे आयोजकांना वाटते. माझा अनुभव उलटा आहे : एकाच शाळेतल्या दोन शिक्षिका समोरासमोर बसल्या, की ज्यांना हे आधी सांगितलेले असते त्या निवांत असतात आणि शंभर टक्क्यांवर विसंबून आलेल्या गप्प होतात.

तिसरी गोष्ट अपवादांची. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ मध्ये मानसिक आजार असलेल्या व्यक्तीच्या माहितीची गोपनीयता हा हक्क म्हणून मान्य केला आहे आणि त्याला मर्यादित अपवादही दिले आहेत : जिवाला धोका टाळणे, दुसऱ्या व्यक्तीला इजेपासून वाचवणे, सक्षम न्यायालयाचा किंवा प्राधिकरणाचा आदेश असणे, इत्यादी. इजेपासून वाचवण्याच्या अपवादात आवश्यक तेवढीच माहिती द्यावी, असेही त्यात म्हटले आहे. तुमचे सहभागी रुग्ण नाहीत आणि तुम्ही उपचार देत नाही, त्यामुळे ते कलम या खोलीला शब्दशः लागू होईलच असे नाही. तरी अपवाद कसे आखावेत याचा तो चांगला नमुना आहे. पोक्सो कायद्याचे, म्हणजे २०१२ च्या अधिनियमाचे, कलम १९ मात्र प्रत्येकाला लागू आहे : अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले किंवा होण्याची शंका आली, तर पोलिसांना कळवावेच लागते. तुमच्या गटात शिक्षक आहेत. मनावर ओझे असलेल्या शिक्षिकेने वर्गातल्या एखाद्या मुलीविषयी बोलायला सुरुवात केली, तर तुम्ही ‘इथले इथेच राहील’ असे सांगून बसलेल्या असू नये.

कॅप्शन कितीही नेटके लिहिले, तरी गोपनीयता बहुतेक वेळा मोडते ती कार्यशाळेच्या आधीच, आणि तीही सोयीच्या नावाखाली. ‘कमेंटमध्ये “हो” लिहा’ या ओळीने इच्छुकांची यादी जाहीर होते. पोस्ट पसरायला ती उपयोगी पडते, पण या विषयाला शोभत नाही. नोंदणी झालेल्यांचा व्हॉट्सॲप गट केला, की वीस जणांना वीस जणांचे क्रमांक दिसतात आणि हॉलचा पत्ता पाठवण्याआधीच सगळे उघडे पडतात. त्याऐवजी प्रत्येकाला वेगळा संदेश पाठवावा. ब्रॉडकास्ट यादी वापरायची असेल तर तुमचा क्रमांक समोरच्याने जतन केलेला असल्याशिवाय संदेश पोहोचत नाही, हे लक्षात ठेवावे. गूगल फॉर्मच्या सेटिंगमध्ये उत्तरांचा सारांश भरणाऱ्यांना दाखवण्याची सोय असते, ती बंद असल्याची खात्री करावी. आणि शेवटी प्रशस्तिपत्रके वाटतानाचा समूह फोटो : ‘ज्यांना नको त्यांनी बाजूला व्हा’ असे म्हटले, तर बाजूला होणाराच सगळ्यांना दिसतो. जाहिरातीसाठी रिकाम्या खुर्च्यांचा किंवा फळ्याचा फोटो पुरेसा असतो.

आता मजकूर. इन्स्टाग्रामवर ‘अधिक’ दाबण्यापूर्वी साधारण पहिली सव्वाशे अक्षरेच दिसतात आणि एकूण मर्यादा २,२०० अक्षरांची आहे, म्हणून कोणासाठी, काय, कुठे हे सुरुवातीलाच येऊ द्यावे. मी असे लिहीन :

‘कामाचा ताण समजून घेऊ या : नोकरदारांसाठी तीन तासांची मराठी कार्यशाळा, नाशिक. शनिवार, सकाळी १० ते १. वीस जागा.

रोजचा ताण शरीरात, झोपेत आणि बोलण्यात कसा दिसतो, हे आपण ओळखायला शिकू. सावकाश श्वास सोडण्याचा सराव, स्नायू क्रमाक्रमाने सैल करण्याची पद्धत आणि काळजीच्या विचारांसाठी दिवसातली ठरावीक वेळ राखण्याची युक्ती करून पाहू. डोळे मिटण्याची किंवा प्रत्येक सराव करण्याची सक्ती नाही.

गोपनीयतेविषयी : नोंदणीच्या फॉर्ममधील माहिती फक्त माझ्याकडे राहील आणि कार्यशाळेनंतर तीस दिवसांनी काढून टाकली जाईल. रेकॉर्डिंग होणार नाही, सहभागींची छायाचित्रे घेतली जाणार नाहीत, आणि तुम्ही आला होता हे मी तुमच्या कार्यालयाला किंवा इतर कोणाला सांगणार नाही. सत्रात ऐकलेले बाहेर न सांगण्याचा नियम सर्व जण सुरुवातीला मान्य करतील. तरी हा गट आहे, म्हणून सोयीचे वाटेल तेवढेच सांगावे. कोणाच्या जिवाला धोका असल्यास किंवा कायद्याने बंधनकारक असल्यास (उदाहरणार्थ, मुलांवरील लैंगिक अत्याचार) आवश्यक तेवढीच माहिती संबंधितांना द्यावी लागेल.

ही कार्यशाळा माहिती आणि सरावासाठी आहे. येथे निदान किंवा उपचार केले जात नाहीत आणि ती वैद्यकीय उपचारांना पर्याय नाही. सुरू असलेली औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नयेत. तातडीने कोणाशी बोलण्याची गरज वाटत असेल, तर टेली-मानस : १४४१६ (विनामूल्य, चोवीस तास).

संयोजक : समुपदेशक, एम.ए. (समुपदेशन मानसशास्त्र). शुल्क आणि नोंदणीसाठी कमेंट न करता थेट संदेश पाठवावा.’

यात तुमचे नाव, तारीख, पत्ता आणि शुल्क घालावे. ‘फॉर्ममधील माहिती’ असे मुद्दाम लिहिले आहे. शुल्काच्या नोंदी हिशेबासाठी ठेवाव्या लागतात, त्यामुळे सगळीच माहिती काढून टाकू असे म्हटले तर तो शब्द मोडेल. तुमच्यासोबत मदतनीस असेल आणि यादी तिच्याकडे जाणार असेल, तर ‘फक्त माझ्याकडे’ याऐवजी ‘माझ्याकडे आणि माझ्या सहकाऱ्याकडे’ असे लिहावे. तीस दिवस हा काही नियम नाही. जेवढे पाळता येतील तेवढे दिवस लिहावेत आणि मोबाइलच्या दिनदर्शिकेत त्या दिवसाची आठवण लावून ठेवावी. डोळे न मिटण्याची मुभा मला महत्त्वाची वाटते, कारण श्वासाकडे लक्ष दिल्यावर काहींची घबराट वाढते, आणि त्यांना आधीच वाट मोकळी ठेवली की ते मध्येच उठून जात नाहीत.

व्हॉट्सॲपवर लोक चित्र पुढे पाठवतात आणि खालचा मजकूर गाळतात. म्हणून पोस्टरच्या चित्रावरच ‘निदान किंवा उपचार नाहीत’ ही ओळ वाचता येईल अशा आकारात असावी, आणि डोके धरून बसलेल्या माणसाचे चित्र व त्यावर ‘डिप्रेशन?’ असा प्रश्न डिझायनरने टाकला असेल तर तो काढायला लावावा. खाली पाच परिच्छेद सावधपणे लिहायचे आणि वर चित्राने दावा करायचा, याला अर्थ उरत नाही.

कॅप्शन नीट पोहोचले का, हे येणाऱ्या चौकशीवरून कळते. वेळ, शुल्क, पार्किंग, ‘सोबत मैत्रीण आली तर चालेल का’ असे विचारले गेले, तर ठीक. ‘रिपोर्टची फाइल आणू का’, ‘किती सिटिंग लागतील’, ‘वडिलांची झोपेची गोळी बंद होईल का’ असे प्रश्न एकाहून अधिक लोकांकडून आले, तर मजकूर दवाखान्यासारखा वाचला जातो आहे असे समजावे आणि निदानाविषयीचा परिच्छेद वर, दुसऱ्या क्रमांकावर न्यावा.

खासगी संदेशात दिलेले उत्तरही जाहिरातीचाच भाग असते. कॅप्शनमध्ये टाळलेला दावा तिथे हळूच निसटतो. ‘भावाने गोळ्या सोडल्या आहेत, त्याला पाठवू का?’ असे कोणी विचारले, तर मी एवढेच लिहीन : ‘गोळ्या सोडल्याचे आधी त्यांच्या डॉक्टरांना आजच कळवा. कार्यशाळेत उपचार होत नाहीत. डॉक्टरांशी बोलणे झाल्यावर भावाला स्वतःला यावेसे वाटले, तर त्यांनीच मला संदेश करावा.’ भावाचे नाव, गोळीचे नाव किंवा आजार त्या संदेशात विचारू नये, आणि ‘आता फार वाईट वाटतेय’ अशा अर्थाचे काही आलेच, तर लिहीत न बसता फोन करावा.